अर्ध्या तासाचा प्रयोग, दोन मिनिटांचा पाहुणा: तुरटी घेऊन विज्ञान प्रदर्शनात

तुरटीने गढूळ पाणी निवळवायचा प्रयोग मांडायला सोपा आहे, बोलायला अवघड. पाणी निवळायला अर्धा तास लागतो आणि पाहुणा टेबलापाशी जेमतेम दोन मिनिटं थांबतो. त्यात पाहुणे तरी कसले: पहिलीतलं पोर, दहावीचा विद्यार्थी, नातवाचं बोट धरून आलेली आजी आणि हातात गुणांचा कागद घेतलेले परीक्षक. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलातून नववीची तीन मुलं हा प्रयोग घेऊन डिसेंबरात क्लस्टर पातळीच्या प्रदर्शनात उभी राहिली. तयारी कशी झाली ते क्रमाने लिहितो. ज्यांना पुढच्या वर्षी असंच काही करायचं आहे त्यांना उपयोगी पडेल.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सीआरपींकडून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्लस्टरच्या, साधनव्यक्तींकडून शाळेत फॉर्म आला. फॉर्म कन्नडात होता. प्रयोगाचं नाव, मुलांचे सरकारी विद्यार्थी-नोंदणीतले एसएटीएस क्रमांक, मार्गदर्शक शिक्षकाचं नाव, साहित्याची यादी, एक पानी सारांश आणि शेवटी मुख्याध्यापकांची सही-शिक्का. सारांश मराठीत लिहिला तरी चालेल का, हे आधीच फोन करून विचारून घ्यावं. आम्हाला नाव आणि साहित्य कन्नडात आणि सारांश मराठीत चालला. फॉर्म दिल्यावर जागेबद्दलचा निरोप यायला दोन आठवडे गेले: प्रत्येक प्रयोगाला एक बाक, वीज नाही, पाण्याचा नळ आवारात. यातली शेवटची ओळ आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची होती. कारण या प्रयोगात पाणी कुठलं आहे यावर सगळं ठरतं.

त्यासाठी आधी मातीचं बघू. खानापूरकडे तांबडी, जांभ्याची माती. ती पाण्यात कालवली तर बराचसा भाग दहा-वीस मिनिटांत खाली बसतो आणि तुरटीला काम उरत नाही. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी रेगड मात्र दिवस दिवस पाण्यात तरंगत राहते, कारण तिच्यात चिकणमातीचे कण जास्त आणि अतिशय बारीक. म्हणून बैलहोंगलकडून किलोभर काळी माती मागवली. ती वाळवून, कुटून, मलमलच्या फडक्यातून चाळली आणि बादलीत लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने कालवून रात्रभर ठेवली. सकाळी फक्त वरचं चार बोटं पाणी अलगद काढून घेतलं. हे का, तर दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो. आठ तासांनंतर वरच्या थरात उरतात ते त्याहून बारीक कण. हेच ते कण, जे आपले आपण बसत नाहीत. या पाण्यात साधं पाणी घालून इतकं पातळ केलं, की बरणीमागे धरलेल्या कार्डावरची सगळ्यात मोठी अक्षरंच वाचता यावीत.

ते कार्ड हेच आमचं मोजमाप. गढूळपणा मोजायचं यंत्र शाळेत नसतं, म्हणून एनटीयू हा त्याच्या एककाचा शब्द मुलांच्या तोंडून येऊ दिला नाही. त्याऐवजी पांढऱ्या कार्डावर ४८, ३६, २४, १६, १२ आणि ८ पॉइंटांच्या ओळी छापल्या आणि बरणीतून सगळ्यात लहान कुठली ओळ वाचता येते ते लिहून ठेवलं. बरणी सपाट बाजूंची हवी. गोल बरणीतून अक्षरं वाकडी दिसतात आणि लहान मुलं त्यावरच अडकतात. फरसाणाच्या चौकोनी प्लास्टिकच्या, लिटरभर मावणाऱ्या सहा बरण्या किराणा दुकानातून मिळाल्या.

तुरटी किराणा दुकानातलीच. ती कुटून दहा ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवली, म्हणजे या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी आली. बिनसुईच्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजने एक मिलिलिटर एका लिटरच्या बरणीत सोडलं की मात्रा झाली लिटरला १० मिलिग्रॅम. हिशोब इतका सरळ ठेवला की सहावीतल्या पोराला सुद्धा ‘चार वेळा घातली, म्हणजे चाळीस’ हे पटतं. हे पाणी त्या त्या दिवशीच करावं. दिवसेंदिवस ठेवलं तर धूसर होऊ लागतं.

पहिल्या चाचणीत बरण्यांत ०, १०, २०, ४० आणि ८० अशा मात्रा घातल्या. पाणी शाळेच्या विहिरीचं. निकाल उलटाच दिसला: २० च्या बरणीत बारीक गाठी धरल्या, ४० मध्ये त्याहून कमी, आणि ८० ची बरणी अर्ध्या तासानंतरही धूसर. कारण पीएचच्या कागदाने कळलं. साध्या विहिरीच्या पाण्यात कागद ६ च्या पुढे दाखवत होता, ८० च्या बरणीत ५ च्याही खाली. तुरटी पाण्यात विरघळली की तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी क्रिया करून पांढरट, जेलीसारखं हायड्रॉक्साइड बनवतं आणि त्याच वेळी आम्ल सुटतं. पाण्यात मुळात असलेले बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेतात. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ, त्यात बायकार्बोनेट फार थोडे. ते संपले की पाणी आम्लधर्मी होतं, हायड्रॉक्साइड नीट तयार होत नाही आणि गाठी बारीकच राहतात.

आकड्यात सांगायचं तर ४० मिलिग्रॅम तुरटीला साधारण १३ मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल शोषायची ताकद, लागते (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात). उपाय स्वयंपाकघरातला: खाण्याचा सोडा. एक ग्रॅम सोडा शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्रत्येक बरणीत आधी पाच मिलिलिटर घातला, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम. एवढ्याने ३० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी वाढते, ४० च्या मात्रेला पुरून उरते. सोडा घातल्यावर ४० ची बरणी सगळ्यांत छान निवळली: पाच मिनिटांत डोळ्यांना दिसतील अशा गाठी, अर्ध्या तासात १२ पॉइंटची ओळ वाचता आली. ८० मध्ये त्याहून काही चांगलं झालं नाही, तळाला गाळ मात्र जास्त.

आता उलट बाजू. सौंदत्तीकडच्या एका नातेवाइकाच्या बोअरचं पाणी वापरून हेच केलं तेव्हा तुरटी न घातलेली बरणीसुद्धा रात्रीत अर्धीअधिक निवळली. जड पाण्यातलं कॅल्शियमच चिकणमातीचे कण एकत्र आणतं. म्हणजे तुलनेसाठी ठेवलेली बरणीच साथ सोडते, आणि पाहुणा विचारतो, ‘मग तुरटी कशाला?’ म्हणून प्रदर्शनाच्या जागेच्या नळावर भरवसा न ठेवता वीस लिटरचा कॅन शाळेच्या विहिरीच्या पाण्याने भरून न्यायचं ठरलं. रिक्षावाल्याने त्याचे वेगळे पन्नास घेतले. सगळा खर्च धरून साडेचारशेच्या आत भागलं. त्यात बरण्या आणि पीएचचा कागद हेच मोठे.

मात्रा ठरली, आता वेळेचं कोडं. ढवळण्याचे दोन टप्पे आहेत. तुरटी घातल्यावर एक मिनिट जोरात, म्हणजे ती सगळीकडे पोचते. मग दहा मिनिटं हळू, दोन सेकंदांना एक फेरा. या वेळात कण एकमेकांवर आदळून गाठी मोठ्या होतात. नंतर हात काढायचा आणि वीस मिनिटं बरणीला हात लावायचा नाही. पाहुण्याला हे सगळं एका बरणीत दाखवता येत नाही, म्हणून बाकावर कायम चार बरण्या ठेवल्या. पहिली कालपासूनची, तुरटी न घातलेली. दुसरी ताजी, पाहुण्याने स्वतः तुरटी घालायची. तिसरी पंधरा मिनिटांपूर्वीची, गाठी खाली उतरताना. चौथी निवळलेली. प्रत्येकीपुढे पाटी: ‘११.१० ला तुरटी घातली’. दर वीस मिनिटांनी पहिली सोडून बाकीच्या एक घर पुढे सरकतात आणि चौथी ओतून धुतली की ती दुसरी होते. तिन्ही मुलांपैकी एकाचं काम फक्त हे घड्याळ सांभाळायचं होतं. बोलणाऱ्याकडून हे होत नाही, बोलता बोलता तिसरी बरणी कधी चौथी झाली ते त्याला कळत नाही.

एक गोष्ट आधीच कळलेली बरी: लहान मुलांच्या हाती काडी द्यायची ती फक्त दुसऱ्या बरणीत. तिसरीत कुणी जोरात ढवळलं की गाठी फुटतात आणि फुटलेल्या गाठी पुन्हा पहिल्याएवढ्या मोठ्या होत नाहीत. बरणी उन्हातल्या खिडकीपाशीही ठेवायची नाही. एक बाजू तापली की आतलं पाणी फिरू लागतं आणि खाली आलेल्या गाठी पुन्हा वर चढतात; बाहेरून वाटतं प्रयोग फसला.

बोलण्याची तालीम मग या बरण्यांवरच बसवली. आधी मुलांनी एक छान परिच्छेद पाठ केला होता, ‘जल हे जीवन आहे’ पासून सुरू होणारा. तो गाळला. पाठ केलेला परिच्छेद सुरू असताना समोरच्या बरणीत काय चाललंय याकडे बोलणाऱ्याचंच लक्ष नसतं. नवा नियम: पहिलं वाक्य पहिल्या बरणीबद्दल आणि ते प्रश्न असलं पाहिजे. ‘हे पाणी कालपासून असंच ठेवलंय, माती खाली का बसली नसेल?’ एवढंच. पाहुणा काहीतरी बोलतोच, आणि तो काय बोलला यावरून पुढे कसं सांगायचं ते ठरतं.

पहिली ते चौथीच्या पोरांना फक्त दाखवायचं. मोबाइलचा टॉर्च पहिल्या बरणीच्या बाजूने लावला की उजेडाचा पट्टा पाण्यात स्पष्ट दिसतो. चौथ्या बरणीत तो फिकट होतो. पट्टा दिसतो तिथे कण आहेत, एवढं पोरांना लगेच पटतं. मग सिरिंज त्यांच्या हातात. चार वेळा सोड, काडीने फिरव, आता तिसऱ्या बरणीत बघ. एक मुलगी तिसरी बरणी बघून म्हणाली, दूध नासलंय. हे वाक्य आम्ही पुढे सगळ्यांना वापरलं, कारण ते नुसतं दिसण्यापुरतं खरं नाही. दुधातही बारीक कण एकमेकांपासून लांब राहायचं सोडून देतात आणि गोळा होतात.

आठवी ते दहावीच्या मुलांना कारण हवं असतं. चिकणमातीच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण जवळ येत नाहीत, मोठे होत नाहीत, बसत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमचा धन भार ही ढकलाढकली कमी करतो आणि जेलीसारखं हायड्रॉक्साइड त्या कणांना गुंतवून खाली नेतं. ढकलणं दाखवायला प्लास्टिकच्या दोन स्ट्रॉ लोकरीच्या कोरड्या कापडाने घासून दोऱ्याने टांगल्या; त्या एकमेकींपासून लांब सरतात. सकाळी हे मस्त जमतं. दुपारी खोलीत गर्दी झाली, हवा दमट झाली, हात घामेजले की स्ट्रॉ नुसत्या लोंबकळतात. तेव्हा तो भाग गाळायचा, उगाच घासत बसायचं नाही. चुंबक वापरून हेच दाखवायचा मोह होतो. तो टाळला, कारण पोरं घरी जाऊन ‘मातीत चुंबक असतं’ असं सांगतात.

आज्यांना शिकवायला जायचं नाही, त्यांना विचारायचं. ‘आज्जी, घागरीत तुरटी किती वेळ फिरवायचा?’ बहुतेकींनी हात फिरवूनच दाखवला: आधी जोरात, मग हळू, मग झाकून ठेवायचं. म्हणजे आमचे तिन्ही टप्पे. त्यातल्या काहींनी निवळीच्या बीची आठवण काढली, घागरीला आतून घासायची. मुलांनी तिथे फक्त एक आकडा जोडायचा: पंधरा लिटरच्या घागरीला लिटरला तीस मिलिग्रॅम धरले तर अर्धा ग्रॅमही लागत नाही, हरभऱ्याच्या दाण्याएवढी तुरटी पुरते. बाकावर तसा एक खडा बशीत ठेवलाच होता. ‘एवढीशीच?’ असं म्हणून दोघी-तिघींनी तो उचलून पाहिला.

आणि प्रत्येकाला, वय कुठलंही असो, एक वाक्य सांगायचंच: निवळलं म्हणजे पिण्याजोगं झालं असं नाही. गाठींबरोबर काही जंतू खाली जातात, सगळे नाही. उकळावं लागतं किंवा क्लोरीन घालावं लागतं. हे वाक्य चौथ्या बरणीवर पाटी करून लावलं होतं, कारण पाणी इतकं स्वच्छ दिसतं की एका पोराने बरणी तोंडाला लावायचा प्रयत्न केला.

कन्नडचं मुद्दाम सांगतो. आमच्याकडे निम्मे पाहुणे कन्नड माध्यमाच्या शाळांतले. मराठी भाषणाचा कन्नड तर्जुमा मुलांना पाठ करायला लावणं फुकट जातं. अडखळली की थांबतात. शाळेच्या कन्नडच्या बाईंनी मुलांशी नुसतं बोलून त्यांच्याच तोंडून पाच वाक्यं काढून घेतली: पहिला प्रश्न, तुरटी घाला, हळू फिरवा, इकडे बघा, पिऊ नका. एवढ्यावर काम भागतं, बाकीचं बरण्या सांगतात. पाट्या दोन्ही भाषांत केल्या, वेळेची पाटी मात्र आकड्यांची, ती कुणालाही वाचता येते.

परीक्षकांसाठी वेगळं भाषण केलं नाही, वेगळी वही केली. त्यात मात्रांचा तक्ता, पीएचचं वाचन, कुठली ओळ वाचता आली ते, आणि विहिरीचं व बोअरचं पाणी यांतला फरक. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलली का? तुरटी पाण्यात उरते का? मोठ्या प्रमाणावर हेच करतात का? पहिल्याला वही. दुसऱ्याला मुलीने सांगितलं, ‘आम्ही मोजलेलं नाही, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅल्युमिनियम लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आणि पर्याय नसेल तर ०.२ पर्यंत चालतं.’ मोजलेलं नाही हे आधी म्हणायची तालीम करून घ्यावी लागते, नाहीतर मुलं अंदाज ठोकून देतात आणि पुढचा प्रश्न त्या अंदाजावरच येतो. तिसऱ्याला बेळगावचं उदाहरण जवळचं पडलं: शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, आणि धरणाचं पाणी शुद्ध करताना सहसा क्रम हाच असतो, आधी अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घालून गाळ बसवायचा, मग वाळूतून गाळायचं, शेवटी क्लोरीन. आमची बरणी त्यातल्या पहिल्या पायरीवरच थांबते.

प्रदर्शनाच्या दिवशी दहा ते चार उभं राहायचं होतं. सकाळी शाळांच्या रांगा आल्या तेव्हा वीस-वीस पोरांच्या घोळक्याला एकदम सांगावं लागलं. अशा वेळी सिरिंज एकालाच द्यायची आणि बाकीच्यांना कार्डावरची ओळ मोठ्याने वाचायला लावायची. वीसजण एकदम ‘२४ ची वाचता येतेय!’ ओरडले की पुढचा घोळका आपोआप येतो. जेवणानंतर गर्दी ओसरली, पालक आणि म्हाताऱ्या आल्या, तेव्हा निवांत बोलता आलं. परीक्षक साडेतीनला आले. बोलणाऱ्या मुलीचा आवाज तोवर बसला होता, त्यामुळे बोलायची पाळी दर तासाला बदलायची हेही आधीच ठरवून ठेवा. पाण्याचा कॅन अडीचलाच संपत आला होता. वीस मिनिटांना एक बरणी धरली तरी दिवसाला अठरा-एकोणीस लिटर जातात आणि धुण्याचं पाणी वेगळं. दुसरा कॅन हवाच, धुवायला नळाचं पाणी चालतं.

तळाचा गाळ बेसिनमध्ये ओतायचा नाही, पाइप तुंबतो. बादलीत साठवून आवाराच्या कडेला मातीत ओतला.

निकालाचं पत्र यायला तीन आठवडे लागले. तालुका पातळीला निवड झाली आहे आणि जागा दुसऱ्या एका हायस्कुलात, तिथे बोअर आहे. पत्राबरोबर पुन्हा तोच फॉर्म, पुन्हा सही-शिक्का. आता मुलं त्या बोअरच्या पाण्याची दोन लिटरची बाटली मागवून तुरटी न घातलेली बरणी किती तास गढूळ राहते ते बघत आहेत. आठ तासांच्या आत निवळली तर त्या पाण्यालाच पाचवी बरणी करायची आणि कॅल्शियमचं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.